पडद्यामागची चिऊ

डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी साडेसहालाच अंधार होतो. मुलं खेळून घरात येतात आणि जेवणाला अजून दीड-दोन तास असतात. घरात तीन, सहा, नऊ आणि तेरा अशा वयांची चार भावंडं जमली असतील, तर हा वेळ फार अवघड जातो. मोठ्यांचा खेळ धाकट्यांना कळत नाही आणि धाकट्यांच्या खेळात मोठ्यांचं मन रमत नाही. अशा वेळी सावल्यांचा खेळ मला सगळ्यांत आवडतो, कारण त्यात प्रत्येक वयाला पेलेल असं खरंखुरं काम असतं.

हा खेळ आपल्याकडे जुना आहे. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजातली माणसं चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या पडद्यावर नाचवत रामायणातल्या कथा सांगत आली आहेत. ही कला टिकवणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्या बाहुल्या नुसत्या काळ्या आकृत्या नसतात. चामडं पातळ करून रंगवलेलं असतं आणि दागिन्यांच्या जागी बारीक भोकं पाडलेली असतात, त्यामुळे सावलीत रंगही उतरतो आणि ठिपक्यांचा उजेडही. घरच्या पुठ्ठ्याच्या चिमणीलाही त्यातलं थोडं देता येतं.

सुरुवात पडद्यापासून करायची. दोन खोल्यांमधल्या दाराची चौकट यासाठी उत्तम. जुनं, धुऊन विरविरीत झालेलं पांढरं धोतर किंवा सुती चादर एकेरी आणि ताणून बांधावी. सुरकुती राहिली, तर चिमणीची चोच तिथेच मोडल्यासारखी दिसते. चौकटीच्या तळाला एक स्टूल ठेवून त्यावर गोधडी टाकावी, म्हणजे खालचा दीड-दोन फुटांचा भाग झाकला जातो. ही गोधडी फार महत्त्वाची आहे. दिवा आतल्या खोलीत पडद्यापासून सहा फुटांवर जमिनीवरच ठेवला, की त्याचा झगझगीत ठिपका गोधडीआड जातो आणि समोर बसलेल्या मुलांच्या डोळ्यांवर येत नाही. दिवा उंच टेबलावर ठेवला, तर पडद्याच्या मधोमध पांढरा गोळा दिसत राहतो आणि मुलं चिमणी सोडून त्याच्याकडेच पाहतात. खिडकीतून रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड येत असेल, तर तिथे घोंगडी टांगावी. घोंगडीइतका काळोख दुसरं काही करत नाही.

दिवा म्हणजे मोबाइलची बॅटरी. सावलीची कड स्पष्ट यायला उजेड अगदी लहानशा ठिपक्यातून यावा लागतो. ट्यूबलाइट लांबलचक असते, म्हणून तिच्यासमोर हात धरला तरी सावली धुरकट पडते. मोठ्या चकचकीत वाटीच्या टॉर्चचंही थोडं तसंच होतं. सावलीला दुहेरी कडा दिसू लागल्या, तर मोबाइलला शेजारी-शेजारी दोन दिवे आहेत असं समजावं आणि एकावर काळी चिकटपट्टी लावावी. पणतीचा मोह होतो, कारण ज्योत हलली की सावलीही जिवंत होते. पण सुती चादर, कापसाची गोधडी आणि तीन वर्षांचं मूल एका खोलीत असताना पणती लावायची नाही.

आता बाहुल्या. लग्नपत्रिकेचा जाड कागद किंवा बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा घ्यावा. आकृती नेहमी बाजूनेच काढायची. समोरून काढलेला कावळा सावलीत बटाट्यासारखा दिसतो, बाजूने काढला की चोच, कपाळ आणि शेपूट लगेच ओळखू येतात. डोळ्याला भोक पाडावं. पंखात छोटी खिडकी कापून भेटवस्तूवरचा रंगीत जिलेटिन कागद चिकटवला, की चिमणीचा पंख पडद्यावर लाल उतरतो. मागे खराट्याचे दोन-तीन हीर एकत्र बांधून चिकटपट्टीने लावावेत. काठी हातभर तरी लांब हवी, नाहीतर बाहुलीबरोबर धरणाऱ्याची मूठही नाटकात काम करू लागते. धरणारी मुलं चौकटीच्या दोन बाजूंना भिंतीआड गुडघ्यांवर बसतात, त्यामुळे त्यांची डोकी मध्ये येत नाहीत.

गोष्ट कावळा-चिमणीचीच घ्यावी. ती सगळ्यांना पाठ असते, त्यामुळे कुणी अडलं तरी खेळ थांबत नाही. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं आणि कावळा चिमणीचं दार वाजवतो. चिमणी दर वेळी बाळाचं एकेक काम सांगते. नऊ वर्षांच्या मुलाने कावळ्याचं घर पाच-सहा पट्ट्यांचं करावं. पट्ट्या एकाला एक लागून धरायच्या आणि पाऊस सुरू झाला की एकेक खाली ओढायची. पाऊस म्हणजे अख्खा खराटा, पडद्याला जवळजवळ टेकवून तिरका हलवलेला. तो दिव्याजवळ नेला, की हिरांच्या रेघा फुगून एकमेकींत मिसळतात आणि पाऊस दिसेनासा होतो. तीन वर्षांच्या मुलाला समोर गोधडीत बसवून ताट द्यावं. पाऊस आला की ताटावर बोटं वाजवायची आणि कावळा आला की दार ठोकल्यासारखं ठोकायचं. गोष्टीत हे दार पुन्हापुन्हा वाजतं, त्यामुळे धाकट्याची पाळी सारखी येत राहते. चिमणी सहा वर्षांच्या हातात द्यावी. तेरा वर्षांचं मूल गोष्ट सांगतं आणि कावळा चालवतं, कारण अवघड काम कावळ्याचं आहे.

ते असं. बाहुली पडद्यापासून एक फुटावर असेल, तर सावली जेमतेम सव्वापट होते. तीच दिवा आणि पडदा यांच्या बरोबर मध्ये, म्हणजे तीन फुटांवर आणली की दुप्पट होते आणि दिव्यापासून एका फुटावर नेली की सहापट. भिजलेला, रागावलेला कावळा दारावर दुप्पट होऊन आला की मजा येते. दिवा जमिनीवर असल्यामुळे बाहुली मागे नेताना खालीही उतरवावी लागते, नाहीतर कावळा पडद्याच्या वरून उडून जातो. हे जमायला दोन-तीनदा रिकामा सराव लागतो आणि मोठ्या मुलाला नेमकं तेच आवडतं. दुपटीच्या पलीकडे मात्र कडा धूसर होतात, चोच बोथट दिसते.

धाकटी मुलं इथेच घाबरतात. अंधारात एकाएकी वाढणारी काळी आकृती तीन वर्षांच्या मुलाला खरी वाटते. ते रडतंच असं नाही. ताट वाजवणं बंद होतं आणि गोधडी नाकापर्यंत वर येते. तेवढ्यावरून ओळखावं आणि कावळ्याला पडद्याजवळ आणून लहान करावं. त्यापेक्षा बरं म्हणजे खेळाआधी त्याला पडद्यामागे न्यावं, पुठ्ठ्याचा कावळा त्याच्याच हातात द्यावा आणि तो मोठा-लहान करायला लावावा. मग खेळात कावळा वाढला की ते पोर इतरांना सांगत सुटतं, मागे दादा आहे म्हणून. त्याला गप्प करू नये.

गोधडी अंथरायचीही रीत आहे. गार फरशीवर एक खाली, अंगावर दोघांत एक. दोन मुलांना एकच गोधडी दिली की ओढाओढ होते, पण ऊबही जास्त राहते आणि भित्र्या मुलाच्या अंगाला कुणीतरी लागून बसलेलं असतं. गोधड्यांचा तंबू करण्याच्या भानगडीत पडू नये. त्या जड असतात, मध्येच खाली येतात आणि आत गुदमरायला होतं. तंबू हवाच असेल तर तो चादरीचा करावा.

राहता राहिला शेवट. काही घरांत चिमणी अखेर दार उघडते आणि कावळ्याला गरम तव्यावर बसवते, काही घरांत त्याला आत घेऊन ऊब देते. पडदा बांधतानाच मोठ्या दोघांना बाजूला घेऊन विचारावं, आज कोणता? आमच्याकडे यावरून बराच वाद झाला. कावळ्याला इतका वेळ पावसात उभं केलं, वर चटका कशाला, असं नऊ वर्षांच्या मुलीचं म्हणणं. तव्याशिवाय ती गोष्टच नाही, असं तिच्या दादाचं. शेवटी पुठ्ठ्याचा तवा कापला, त्याला लाल जिलेटिनची चूल लावली आणि कावळा तव्यावर न बसता चुलीपाशी पंख शेकत बसला. धाकट्याने तोपर्यंत दार ठोकणं थांबवलेलं नव्हतं.