न घेतलेले कर्ज पतअहवालात आढळल्यास काय करावे?

खरिपाचे पीककर्ज मागण्यास गेलेल्या शेतकऱ्यास कधी कधी बँकेत अनपेक्षित उत्तर मिळते. “तुमच्या नावावर एक कर्ज थकलेले आहे, आधी ते फेडा.” शेतकऱ्याने तर त्या कंपनीचे नावही ऐकलेले नसते. अशा वेळी रागावून परत फिरणे किंवा लाजेने ती रक्कम भरून टाकणे, हे दोन्ही मार्ग नुकसानीचे आहेत. योग्य मार्ग कोणता, हे येथे एका उदाहरणाने सांगावयाचे आहे.

प्रथम ही नोंद कोठून येते, हे समजून घ्यावे. आपल्या देशात कर्जांची माहिती ठेवणाऱ्या 4 पतमाहिती कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि क्रिफ हाय मार्क. बोलण्यात आपण या सर्वांनाच “सिबिल” म्हणतो. त्या स्वतः कर्ज देत नाहीत. बँका व फायनान्स कंपन्या जी माहिती पाठवितात, तीच त्या नोंदवितात. आणि कर्ज देणाऱ्या संस्थेच्या संमतीवाचून त्या ती बदलीत नाहीत. म्हणून चुकीची नोंद काढण्याची खरी किल्ली ज्या संस्थेने ती पाठविली तिच्याकडे असते. तक्रारीची सर्व दिशा यावरून ठरते.

अहवाल नीट वाचावा

बँकेतील तोंडी सांगण्यावर विसंबू नये. प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो त्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून मागवावा; “सिबिल साफ करून देतो” असे सांगून पैसे मागणाऱ्या मध्यस्थाच्या हाती कागद देऊ नयेत. एका अहवालात चूक दिसली, तर उरलेले तीनही मागवून पाहावेत, कारण तीच नोंद तेथेही असू शकते.

अनोळखी वाटणारे प्रत्येक कर्ज खोटेच असते, असे नाही. त्या नोंदीसमोर आपले नाते काय लिहिले आहे, ते पाहावे. तेथे “जामीनदार” असे असेल, तर ते कर्ज शेजाऱ्याचे किंवा भावाचे असून आपण त्याच्या कागदावर सही केलेली असते. ही नोंद खरी होय. तसेच दुकानातून हप्त्यावर घेतलेल्या भ्रमणध्वनीची नोंद दुकानाच्या नावाने न येता पैसे पुरविणाऱ्या फायनान्स कंपनीच्या नावाने येते. या दोन्ही शंका फिटल्यावरच पुढे जावे.

त्यानंतर अहवालातील पत्ता व भ्रमणध्वनी क्रमांक तपासावेत. नामसाम्यामुळे दुसऱ्याचे कर्ज आपल्या खाती आले असेल, तर जन्मतारीख वा पॅन क्रमांकात बहुधा तफावत आढळते. पॅन आपलाच, परंतु दूरध्वनी क्रमांक अनोळखी, असे दिसले तर कोणी तरी आपल्या कागदपत्रांचा उपयोग केला असण्याचा संभव अधिक.

एक उदाहरण

समजा, एका शेतकऱ्याने ठिबक सिंचनाच्या अनुदानाचा अर्ज भरण्यासाठी आधार व पॅन यांच्या छायाप्रती एका ओळखीच्या माणसाकडे दिल्या. पुढे त्याच्या अहवालात एका फायनान्स कंपनीचे 48,000 रुपयांचे कर्ज आणि त्याचे थकलेले हप्ते दिसले. नोंदीखालील भ्रमणध्वनी क्रमांक त्याचा नव्हता.

त्याने 3 जून रोजी दोन ठिकाणी तक्रार केली. पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर त्या नोंदीविरुद्ध “हे कर्ज माझे नाही” अशी हरकत नोंदवून तक्रार क्रमांक लिहून घेतला. त्याच दिवशी फायनान्स कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यास नोंदणीकृत टपालाने पत्र पाठविले. त्यात केवळ “कर्ज माझे नाही” एवढेच न लिहिता पुढील गोष्टी मागितल्या : कर्जाच्या करारपत्राची प्रत, ओळखीसाठी घेतलेले कागद व छायाचित्र, ज्या दूरध्वनीवरून संमती दिली गेली तो क्रमांक, आणि कर्जाची रक्कम कोणत्या बँकखात्यात जमा झाली त्याचा तपशील.

यांतील शेवटची मागणी सर्वांत मोलाची आहे. सहीची नक्कल करता येते, आधारची प्रतही मिळविता येते. परंतु पैसा कोठे तरी उतरावाच लागतो. तो आपल्या खात्यात आलेला नसेल, तर आपल्या खात्याचा त्या महिन्याचा उतारा हाच मोठा पुरावा ठरतो. मात्र रक्कम खरोखरच आपल्या खात्यात येऊन लगेच दुसरीकडे गेली असेल, तर प्रकरण अधिक गुंतागुंतीचे असते. तेव्हा आपल्या बँकेसही ताबडतोब कळवावे.

कागदांचा गैरवापर स्पष्ट दिसत असल्याने त्याने पोलीस ठाण्यातही लेखी तक्रार देऊन पोच घेतली. फायनान्स कंपन्या बहुधा ही प्रत मागतातच. ऑनलाइन फसवणुकीची तक्रार 1930 या क्रमांकावर किंवा cybercrime.gov.in येथेही करता येते.

मुदती आणि भरपाई

तक्रार आल्यापासून 30 दिवसांत तिचा निकाल लागला पाहिजे. त्यांपैकी 21 दिवसांत कर्ज देणाऱ्या संस्थेने दुरुस्त माहिती पाठवावयाची असते. मुदत उलटल्यास दर दिवशी 100 रुपये भरपाई तक्रारदारास द्यावी लागते. हा नियम रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2023 मध्ये काढला व तो एप्रिल 2024 पासून अमलात आहे. वरील उदाहरणात मुदत 3 जुलैला संपते. दुरुस्ती 15 जुलैला झाली, तर 12 दिवसांचे 1,200 रुपये त्यास मिळावयास हवेत. म्हणूनच तक्रारीचा दिनांक व क्रमांक जपून ठेवावा.

या काळात वसुलीचे लोक “थोडे तरी भरा, नाव साफ होईल” असे सांगतील. एक रुपयाही भरू नये. भरणा केला म्हणजे कर्ज आपलेच असल्याचा अर्थ निघतो. आणि तडजोड केल्यास नोंद नाहीशी न होता “तडजोडीने मिटविले” असा शेरा मागे राहतो. आपली मागणी तडजोडीची नसून नोंद समूळ काढण्याची आहे, हे पत्रात स्पष्ट लिहावे. पीककर्जाच्या बँकेस मात्र तक्रारीच्या पोचेची प्रत द्यावी. कर्ज देणे न देणे हे बँकेच्या विचारावर असले, तरी नोंद वादग्रस्त आहे हे तिच्या कागदांवर येते.

30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in येथे विनाशुल्क तक्रार करता येते. आधी संस्थेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा तेथे आवश्यक असतो. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे.

दुरुस्तीनंतर

कर्ज आपले नसल्याचे पत्र फायनान्स कंपनीकडून लेखी घ्यावे आणि काही आठवड्यांनी चारही अहवाल पुन्हा पाहावेत. एका ठिकाणची नोंद गेली तरी दुसरीकडे ती राहिलेली असू शकते.

ज्याच्या हाती कागद गेले, तो ते पुन्हा वापरू शकतो. आधारचे अंगठ्याचे ठसे प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून बंद ठेवता येतात. परंतु मग रेशन घेताना ते आधी उघडावे लागतात, हे घरच्यांना सांगून ठेवावे. आणि यापुढे कोणत्याही योजनेच्या अर्जासोबत छायाप्रत देताना तिच्यावर आडवे लिहावे : “केवळ ठिबक अनुदानासाठी”, आणि खाली सही व दिनांक. मजकुरावरून गेलेली ही एक ओळ त्या प्रतीवर दुसरे कर्ज काढणे अवघड करते.