वाणसामानाची यादी जशीच्या तशी

महिन्याचं वाणसामान भरताना घरातल्या मोठ्या माणसाने कागदावर लिहिलेली यादी दुसऱ्या कोणीतरी फोनवर उतरवून दुकानदाराला पाठवणं आता घरोघरी चालतं. उतरवणारा ती सहसा 'नीट' करायला जातो. डाळी एकीकडे, मसाले एकीकडे, झालेलं सामान वगळलेलं. घोटाळा तिथेच होतो.

समजा, कागदावर असं आहे:

तू. डाळ – २ कि. ✓
मू. ,, – ॥ कि.
ह. ,, – १। कि. ✓
साखर – ५ ✓ ३
जिरे – १००
ह. – ,,
शें. तेल – ५ लि.

यात 'ह.' दोनदा आलंय. तिसऱ्या ओळीत ते हरभरा आहे, कारण वरच्या खुणेने डाळ खाली आणली आहे. सहाव्या ओळीत ती हळद आहे, कारण ती जिऱ्याखाली आहे आणि वजनही तिथलंच, १०० ग्रॅम, घेते. ही ओळ उचलून डाळींमध्ये टाकली की हळदीची डाळ होते आणि १०० चे दोन किलो होतात. म्हणून क्रम हलवायचा नाही. ',,' ही खूण फक्त वरच्या ओळीच्या आधारावर उभी असते.

दुसरी फसगत दंडांची. जुन्या वळणाचं लिहिणारे अजूनही पावकिलोला ।, अर्ध्याला ॥ आणि पाऊणला ॥। लिहितात. १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड. हे दंड ज्याने शिकलेले नाहीत तो १। चं ११ करून मोकळा होतो. घरच्या यादीत ११ किलो हरभरा डाळ दिसली, तर आधी दंडावर संशय घ्यावा. तसाच देवनागरी १ घाईत इंग्रजी 9 सारखा दिसतो आणि ४ हा 8 सारखा. त्याच हातचे त्याच कागदावरचे इतर आकडे पाहिले की उलगडतं.

'साखर ५' पुढे एकक नाही. तिथे किलो असणार हे आपल्याला कळतं, तरी मूळ ओळीत ते घुसडू नये, कंसात '(किलो?)' लिहावं, म्हणजे कागदावरचं कोणतं आणि आपला अंदाज कोणता हे वाचणाऱ्याला दिसतं. लघुरूपाचंही तेच: 'ह. (हळद?)'.

बरोबरच्या खुणेमागचा ३ मात्र फार कामाचा आहे. मागितली ५, मिळाली ३, असा त्याचा सरळ अर्थ लागतो. म्हणून दोन्ही आकडे ठेवायचे. खूण केलेली ओळ गाळली, तर उरलेली दोन किलो साखर कोणी आणणार नाही. खोडलेली ओळ वेगळी: ती नको झालेली वस्तू. व्हॉट्सॲपवर शब्दांच्या दोन्ही बाजूंना ~ दिलं की तिच्यावर तशीच रेघ उमटते.

शेवटी दोन्हीकडच्या ओळी आणि खुणा मोजायच्या. इथे सात ओळी, तीन खुणा.