वहीच्या फोटोतला बहुलक

समजा, कोकणातल्या एका शेतकऱ्याने बागेतले १२० हापूस एकेक करून वजनकाट्यावर ठेवले, वजने वर्ग पाडून वहीत मांडली आणि त्या पानाचा फोटो शहरात शिकणाऱ्या मुलीला पाठवला. त्याला हवे होते एवढेच : आपल्या बागेत साधारण कोणत्या वजनाचे फळ सर्वांत जास्त येते? सांख्यिकीत या प्रश्नाच्या उत्तराला ‘बहुलक’ म्हणतात.

फोटोत सहा ओळी होत्या. १५१–१७५ ग्रॅमची ५ फळे, १७६–२०० ची १६, २०१–२२५ ची २७, २२६–२५० ची ३९, २५१–२७५ ची २१ आणि २७६–३०० ची १२. खाली एकूण १२०.

सर्वांत जास्त फळे २२६–२५० या वर्गात आहेत, म्हणून तो बहुलकीय वर्ग. पण या पंचवीस ग्रॅमच्या पट्ट्यात नेमके बोट कुठे ठेवायचे? प्रत्येक फळाचे वजन वहीत उरलेले नाही, त्यामुळे शेजारच्या वर्गांवरून अंदाज बांधावा लागतो. डावीकडचा वर्ग बहुलकीय वर्गापेक्षा १२ ने कमी आहे, उजवीकडचा १८ ने. म्हणजे डावा शेजारी उंचीने जवळचा. तेव्हा शिखरही डावीकडे झुकलेले असणार, असे मानून वर्गाची रुंदी १२ : १८ या प्रमाणात विभागायची. दहावीच्या पुस्तकातले सूत्र हेच करते :

```
बहुलक = L + [(f1 − f0) / (2f1 − f0 − f2)] × h
```

L ही बहुलकीय वर्गाची खालची मर्यादा, h वर्गाची रुंदी, f1 त्या वर्गाची वारंवारता, f0 आधीच्या वर्गाची आणि f2 नंतरच्या वर्गाची. छेदातली पदावली अवघड दिसते, पण ती १२ आणि १८ यांची बेरीज आहे, बाकी काही नाही.

L किती घ्यायचा, इथे थोडे थांबायला हवे. एक वर्ग २२५ ला संपतो आणि पुढचा २२६ ला सुरू होतो, मध्ये एका ग्रॅमची फट राहते. काटा जवळच्या पूर्ण ग्रॅमपर्यंत वजन दाखवत असेल, तर २२५.५ च्या पुढचे फळ २२६ म्हणून नोंदले जाते. म्हणून L २२५.५ आणि h २५. वयाच्या सारणीत मात्र असे करू नये. तिथे पूर्ण झालेली वर्षे मोजतात, त्यामुळे ‘२०–२९’ हा गट विसापासून तिसावा वाढदिवस येईपर्यंत चालतो आणि L वीसच राहतो.

आता १२ भागिले ३० म्हणजे ०.४, गुणिले २५ म्हणजे १०. बहुलक २३५.५ ग्रॅम. वर्गाचा मध्य २३८ आहे आणि उत्तर त्याच्या डावीकडे, म्हणजे जास्त फळे असलेल्या शेजाऱ्याकडे झुकले आहे. तसे झुकलेले नसते, तर f0 आणि f2 यांची अदलाबदल झाली का, ते पाहावे लागले असते.

फोटोतून वाचताना मात्र वेगळेच धोके असतात. देवनागरी हस्ताक्षरात ९ ची गाठ पुसट झाली की तो १ वाटतो. ३९ ऐवजी ३१ वाचले, तर उत्तर सुमारे २३२.६ येते. तेही त्याच वर्गात, त्यामुळे शंका येत नाही. पण बेरीज ११२ होते, आठने कमी. ९ आणि १ यांच्यातला फरकही आठच, म्हणून चूक कुठे शोधायची हे लगेच कळते.

दुसरा धोका कापलेल्या पानाचा. वरच्या तीन ओळी फोटोत आल्याच नाहीत, तर बहुलकीय वर्ग पहिलाच दिसतो आणि f0 शून्य धरला जातो. उत्तर २४२.६ येते, सात ग्रॅमने जास्त. इथे झुकावाची पडताळणी उपयोगी पडत नाही, कारण चुकीच्या आकड्यांशी उत्तर सुसंगतच असते. पण दिसणाऱ्या तीन ओळींची बेरीज ७२ आणि खाली लिहिलेले १२०, यातली तफावत सगळे सांगून जाते. म्हणून सूत्राला हात लावण्याआधी बेरीज करायची. एकूण संख्याच फोटोत नसेल, तर पूर्ण पानाचा नवा फोटो मागवायचा.

सारणी अचूक वाचली, तरी सूत्र काही गोष्टी गृहीत धरते. बहुलकीय वर्ग आणि त्याचे दोन्ही शेजारी सारख्या रुंदीचे हवेत. पन्नास ग्रॅमच्या वर्गात फळे जास्त भरणारच, त्यावरून तो बहुलकीय ठरत नाही. शिवाय शिखर एकच हवे. त्याच टोपलीत पायरीही मिसळलेला असेल आणि सारणीत दोन ठिकाणी उंचवटा दिसत असेल, तर एकच बहुलक काढण्यापेक्षा शेतकऱ्याने दोन्ही जातींची फळे वेगळी करून पुन्हा दोन सारण्या मांडायला हव्यात.