मंजुरीपत्रातून हप्त्यांचा तक्ता

कर्जाच्या मंजुरीपत्रात परतफेडीच्या अटी बहुधा एकाच लांबलचक परिच्छेदात कोंबलेल्या असतात. दोन दुधाळ गायींसाठी एखाद्या सहकारी बँकेतून कर्ज घेतले, तर २७ डिसेंबर २०२४ च्या पत्रात साधारण असा मजकूर येईल:

‘आपणांस रु. १,२०,००० चे मुदत कर्ज द.सा.द.शे. १२ दराने मंजूर करण्यात येत आहे. कर्जाची मुदत वितरणापासून २४ महिने राहील. त्यात सुरुवातीच्या ६ महिन्यांच्या सवलत काळाचा समावेश आहे. सवलत काळात फक्त व्याज दर तीन महिन्यांनी भरावे. त्यानंतर मुद्दलाची परतफेड ६ समान त्रैमासिक हप्त्यांत व्याजासह करावी. व्याज घटत्या शिलकेवर आकारले जाईल.’

पत्र हा नमुना आहे, पण भाषा ओळखीची आहे. यातून कोणत्या तारखेला किती रुपये तयार ठेवायचे, हे वाचून लगेच कळत नाही. त्यासाठी तक्ता मांडावा लागतो आणि तो सहीच्या आधी मांडलेला बरा.

सुरुवात पहिल्या तारखेपासून होते. पत्र २७ डिसेंबरचे असले तरी पैसे १० जानेवारी २०२५ ला खात्यात आले असतील, तर मोजणी १० जानेवारीपासून करायची. मंजुरीच्या किंवा कराराच्या तारखेपासून व्याज न लावता पैसे प्रत्यक्ष दिल्यापासूनच लावावे, असे रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात बजावले आहे. तेव्हा देय तारखा दर तीन महिन्यांनी १० तारखेला येतील. वर्षाला १२ टक्के म्हणजे तिमाहीला ३ टक्के. मुद्दलाचे सहा समान भाग केले की प्रत्येकी २०,००० रुपये होतात.

आता तक्त्याला पाच रकाने करायचे. प्रत्येक ओळीत आधीच्या ओळीतली उरलेली शिलक घ्यायची, तिच्यावर ३ टक्के व्याज काढायचे, मुद्दल मिळवून हप्ता लिहायचा आणि मुद्दल वजा करून नवी शिलक मांडायची.

| देय तारीख | मुद्दल (रु.) | व्याज (रु.) | भरायची रक्कम (रु.) | उरलेली शिलक (रु.) |
|---|---|---|---|---|
| १० एप्रिल २०२५ | ० | ३,६०० | ३,६०० | १,२०,००० |
| १० जुलै २०२५ | ० | ३,६०० | ३,६०० | १,२०,००० |
| १० ऑक्टोबर २०२५ | २०,००० | ३,६०० | २३,६०० | १,००,००० |
| १० जानेवारी २०२६ | २०,००० | ३,००० | २३,००० | ८०,००० |
| १० एप्रिल २०२६ | २०,००० | २,४०० | २२,४०० | ६०,००० |
| १० जुलै २०२६ | २०,००० | १,८०० | २१,८०० | ४०,००० |
| १० ऑक्टोबर २०२६ | २०,००० | १,२०० | २१,२०० | २०,००० |
| १० जानेवारी २०२७ | २०,००० | ६०० | २०,६०० | ० |
| एकूण | १,२०,००० | १९,८०० | १,३९,८०० | |

तक्ता बरोबर आहे की नाही, हे तीन ठिकाणी पाहिले की कळते. मुद्दलाच्या रकान्याची बेरीज मूळ कर्जाएवढी हवी. शेवटची शिलक शून्य हवी. आणि शेवटची तारीख वितरणापासून बरोबर २४ महिन्यांवर हवी. मुद्दल नि:शेष भागत नसेल, तर फरक शेवटच्या हप्त्यात टाकतात. उदाहरणार्थ, एक लाखाचे सहा भाग करताना पाच हप्ते १६,६६७ रुपयांचे आणि सहावा १६,६६५ रुपयांचा होतो.

खरी अडचण गणिताची नसते, वाचण्याची असते. ‘त्यानंतर ६ हप्ते’ म्हणजे पहिला हप्ता नेमका कधी? सवलत काळ १० जुलै २०२५ ला संपतो. त्याच दिवशी मुद्दलाचा पहिला हप्ता धरणारे असतात आणि आणखी तिमाही सोडून १० ऑक्टोबर धरणारेही असतात. उत्तर परिच्छेदातल्याच मुदतीत आहे. पहिला हप्ता जुलैत धरला तर सहावा ऑक्टोबर २०२६ ला येतो, म्हणजे कर्ज २१ महिन्यांत फिटते. पत्र तर २४ महिने म्हणते. म्हणून ऑक्टोबर बरोबर. सवलत काळ मुदतीत धरलेला आहे की वेगळा, हे पत्रात लिहिलेले नसेल, तर असा ताळा जमत नाही. तेव्हा बँकेकडून लेखी खुलासा घ्यावा.

दुसरी अडचण ‘समान’ या शब्दाची. आपल्या पत्रात मुद्दलाची परतफेड समान हप्त्यांत आहे, त्यामुळे मुद्दल सारखे राहते आणि एकूण रक्कम दर वेळी ६०० रुपयांनी उतरते. पण पत्रात ‘व्याजासह समान हप्ते’ असे असेल, तर ईएमआयसारखा हिशेब होतो आणि दर हप्ता एकच राहतो. संगणकावरच्या तक्त्यात तो असा निघतो:

```
=PMT(3%,6,-120000)
```

उत्तर सुमारे २२,१५२ रुपये. या पद्धतीत सुरुवातीला मुद्दल कमी फिटते. पहिल्या हप्त्यात ३,६०० रुपये व्याजाचे आणि १८,५५२ मुद्दलाचे असतात. त्यामुळे एकूण व्याज सुमारे ३१० रुपये जास्त जाते. पण पहिला हप्ता जवळपास दीड हजाराने हलका असतो आणि दुधाच्या पगारावर घर चालवणाऱ्याला तेही महत्त्वाचे वाटू शकते.

तारखांचाही एक पेच आहे. वर दहा तारीख होती म्हणून सोपे गेले. कर्ज ३१ जानेवारीला दिलेले आणि हप्ता मासिक असेल, तर पुढची तारीख २८ फेब्रुवारी येते. तिथून पुन्हा महिना मोजला की २८ मार्च येते आणि तीन दिवस कायमचे गळून पडतात. म्हणून प्रत्येक देय तारीख मागच्या ओळीवरून नव्हे, तर वितरणाच्या मूळ तारखेवरून मोजावी. शिवाय कॅलेंडर शेजारी ठेवावे. आपल्या तक्त्यातल्या आठ तारखांपैकी चार बँकेच्या सुट्टीच्या आहेत: १० एप्रिल २०२५ ला महावीर जयंती, १० जानेवारी आणि १० ऑक्टोबर २०२६ ला दुसरा शनिवार, तर १० जानेवारी २०२७ ला रविवार. अशा तारखेपुढे आधीचा कामाचा दिवस लिहून ठेवावा आणि पैसे तेव्हाच भरावे.

तुमचा तक्ता आणि बँकेचा तक्ता रुपयाला रुपया जुळेलच असे नाही. अनेक बँका तिमाहीला सरसकट ३ टक्के न लावता दिवस मोजतात. पहिल्या तिमाहीत ९० दिवस आहेत, म्हणून व्याज सुमारे ३,५५१ रुपये होते. तिसरीत ९२ दिवस आहेत, म्हणून तेवढ्याच मुद्दलावर सुमारे ३,६३० रुपये होते. हा फरक चुकीचा नाही.

बँकेचा तक्ता मागणे हा आता उपकार राहिलेला नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांसोबत मुख्य माहितीचे पत्रक देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. सहकारी बँकाही त्यात आल्या. या पत्रकात परतफेडीचे वेळापत्रक असते. सहीच्या आधी आपला तक्ता त्याच्या शेजारी ठेवून ओळीला ओळ लावून पाहा. पाच-पन्नास रुपयांचा फरक दिसला तर तो बहुधा दिवसांच्या मोजणीचा असतो. फरक हजारांत असेल किंवा ओळींची संख्याच वेगळी असेल, तर परिच्छेद तुम्ही एक वाचलात आणि बँकेने दुसरा. त्याचे उत्तर लेखी मिळेपर्यंत सही करू नका.