सॉफ्टवेअर वारंवार बंद पडते तेव्हा: सेवा-क्रेडिट मागणारी ईमेल

दरमहा भाडे देऊन वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या करारात अपटाइमचा आकडा लिहिलेला असतो. महिन्यातला किती टक्के वेळ सेवा चालू राहील, याचे ते वचन. ९९.९ टक्के हा नेहमी दिसणारा आकडा. ३० दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटे असतात, म्हणजे या वचनात सेवा बंद राहण्याची मुभा जेमतेम ४३ मिनिटांची. ती ओलांडली की त्या महिन्याच्या शुल्काचा ठरावीक हिस्सा ग्राहकाला परत मिळायला हवा. यालाच सेवा-क्रेडिट म्हणतात. बहुधा ते रोख न मिळता पुढच्या बिलातून वजा होते आणि बुडालेल्या धंद्याची भरपाई त्यातून होत नाही.

ही वजावट सहसा आपोआप होत नाही, ती मागावी लागते आणि तीही मुदतीत. अ‍ॅमेझॉनच्या ईसीटू सेवेसाठी घटनेनंतरच्या दुसऱ्या बिलिंग चक्राच्या अखेरीपर्यंत मागणी पोचावी लागते; गुगल वर्कस्पेसच्या करारात ३० दिवसांची मुदत आहे. मुदत टळली की हक्क जातो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एक वितरक बिलिंगच्या सॉफ्टवेअरसाठी जीएसटी वगळून दरमहा ६०,००० रुपये भरतो. करारानुसार अपटाइम ९९.९ टक्क्यांखाली गेला तर १० टक्के, ९९.५ टक्क्यांखाली गेला तर २५ टक्के क्रेडिट मिळते. जूनमध्ये सेवा तीनदा कोलमडली: ५ तारखेला ३८ मिनिटे, १४ तारखेला ७२ आणि २७ तारखेला ३४. एकूण १४४ मिनिटे. अपटाइम भरतो ९९.६७ टक्के आणि क्रेडिट ६,००० रुपये.

मात्र २३ जूनला पहाटे २ ते ४ या वेळेतही सेवा बंद होती. विक्रेत्याने ती नियोजित देखभाल म्हणून नोंदवली. नियोजित देखभालीचा वेळ जवळजवळ प्रत्येक करारात हिशेबातून वगळलेला असतो, म्हणून बहुतेक ग्राहक इथेच थांबतात. थांबू नये. या करारात देखभालीची सूचना ४८ तास आधी देण्याची अट आहे आणि सूचनेची मेल आली २२ जूनला संध्याकाळी ५ वाजता, फक्त ९ तास आधी. अट पाळलेली नसल्याने ती १२० मिनिटेही बंद काळात धरण्याची मागणी करता येते. एकूण २६४ मिनिटे होतात, अपटाइम ९९.३९ टक्क्यांवर उतरतो आणि क्रेडिट १५,००० रुपयांवर जाते. ९,००० रुपयांचा हा फरक एका जुन्या मेलच्या वेळेवर अवलंबून आहे. उलट, सूचना वेळेत आलेली असेल तर तो वेळ हिशेबात घुसडू नये. एक चुकीची नोंद सापडली की बाकीच्या खऱ्या नोंदींवरही शंका घेतली जाते.

पुरावा जमवताना घड्याळाकडे नीट पाहावे लागते. विक्रेत्याच्या स्टेटस पेजवर वेळ अनेकदा यूटीसीमध्ये असते, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. ५ जूनची सकाळी १०.१२ ची अडचण तिथे ०४.४२ ला दिसेल. दोन्ही वेळा लिहिल्या तर वाद उरत नाही. ‘बंद’ची व्याख्याही करारातूनच घ्यावी. लॉगिनच होत नसेल तर सेवा बंद. नुसती संथ झाली असेल, तर अनेक करार ते मोजत नाहीत. ग्राहकाचे स्वतःचे इंटरनेट गेले असेल तर तो वेळही वगळला जातो. म्हणून त्या वेळी इतर संकेतस्थळे चालू होती, हे दाखवणारी नोंद आणि एरर संदेशाचे वेळ दिसणारे स्क्रीनशॉट जोडावेत.

मेल छोटी असावी. मनस्तापाचे वर्णन तपासणाऱ्याच्या उपयोगाचे नसते; त्याला कलम, वेळ आणि रक्कम हवी असते. करारात ठरवून दिलेल्या पत्त्यावरच ती पाठवावी, कारण सपोर्टकडे केलेली तोंडी तक्रार मागणी म्हणून धरली जाईलच असे नाही. वरील उदाहरणातला मजकूर असा होईल:

‘विषय: सेवा-क्रेडिटची मागणी, जून महिना. आपल्या करारातील अपटाइमच्या कलमानुसार ही मागणी करत आहोत. जूनमध्ये सेवा चार वेळा मिळून २६४ मिनिटे बंद होती. तारीखवार तक्ता, लॉग आणि तिकीट क्रमांक जोडले आहेत. २३ जूनच्या देखभालीची सूचना ४८ तास आधी मिळाली नसल्याने तो वेळ धरला आहे. अपटाइम ९९.३९ टक्के येतो. मासिक शुल्काच्या २५ टक्के, म्हणजे १५,००० रुपये, पुढील बिलातून वजा करावेत. आपली मोजणी वेगळी असल्यास मिनिटवार नोंदी पाठवाव्यात.’

शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. त्यामुळे नुसत्या नकारावर विषय मिटत नाही, विक्रेत्याला आपला हिशेब मांडावा लागतो. २३ तारखेचा मुद्दा त्याने अमान्य केला, तरी उरलेल्या १४४ मिनिटांचे ६,००० रुपये निर्विवाद राहतात. ते लगेच वळते करून घेऊन वाद फक्त फरकापुरता ठेवता येतो.

असे महिन्यामागून महिने घडत असेल, तर प्रत्येक महिन्याची मागणी वेगळी पाठवावी. काही करारांत ठरावीक काळात अपटाइम अनेकदा मोडला, तर दंडाशिवाय करार संपवण्याची मुभा असते. तो हक्क वापरताना विक्रेत्याने मान्य केलेली प्रत्येक क्रेडिट नोट हाच सर्वांत भक्कम पुरावा ठरतो.