साठ सेकंदांची शांतता

मतमोजणीच्या दिवशी निकालाचे पान मध्येच गोठते, आकडे थांबतात आणि कोपऱ्यात ‘पुन्हा जोडत आहोत’ अशी ओळ झळकते. दोष लगेच गर्दीला दिला जातो. पण गर्दीने तुटणाऱ्या कनेक्शनला वेळेचे बंधन नसते; ते कधी दहा सेकंदांत तुटते, कधी सात मिनिटांनी. जे वेबसॉकेट दर वेळी साठाव्या सेकंदाला तुटते, आणि तेही आकडे धडाधड येत असताना नव्हे तर दोन फेऱ्यांमधल्या शांततेत, ते कोणीतरी घड्याळ पाहून तोडत असते. हा ‘कोणीतरी’ म्हणजे वाचकाचा ब्राउझर आणि निकालाचा सर्व्हर यांच्यामध्ये उभा असलेला प्रॉक्सी. एन्जिनएक्समध्ये `proxy_read_timeout` ही मर्यादा मुळातच साठ सेकंदांची असते. ती एकूण वेळ मोजत नाही, मागच्या सर्व्हरकडून आलेल्या दोन वाचनांमधला खंड मोजते. साधे वेबपान मागितल्यावर साठ सेकंद उत्तर आले नाही, तर काहीतरी बिघडले असे मानणे रास्तच आहे. वेबसॉकेटमध्ये मात्र गप्प राहणे हा बिघाड नसतो. सांगण्यासारखे काही नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. प्रॉक्सीला हा फरक कळण्याचा मार्ग नाही.

हे अनुमान पडताळता येते. ब्राउझरमध्ये कनेक्शन बंद झाल्याचा कोड 1006 दिसतो, म्हणजे निरोपाची चौकट न पाठवताच कोणीतरी दार लावले. तेवढ्याने गुन्हेगार ठरत नाही, कारण वायफाय गेले तरी 1006च येतो. पण त्याच क्षणी प्रॉक्सीच्या एरर लॉगमध्ये पुढची ओळ सापडली, तर संशय पक्का होतो:

```
upstream timed out (110: Connection timed out)
while proxying upgraded connection
```

तरीही शंका असेल तर चाचणीच्या सर्व्हरवर मर्यादा नव्वद सेकंदांवर न्यावी. तुटण्याची वेळही नव्वदाव्या सेकंदाला सरकली, तर कारण तेच. ती साठावरच राहिली, तर घड्याळ दुसऱ्याच कोणाकडे आहे: अनेकदा पुढच्या लोड बॅलन्सरकडे. ॲमेझॉनच्या ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरची मूळ मर्यादाही साठ सेकंदांचीच असल्याने हा गोंधळ वारंवार होतो.

यावर सर्वांत सोपा उपाय मर्यादा एक तास करण्याचा, आणि माझा विरोध त्यालाच आहे. वाटेत दोन-तीन मध्यस्थ असतील, तर सर्वांत कमी मर्यादेचाच शब्द चालतो, आणि मोबाइल कंपनीच्या यंत्रणेतली मर्यादा आपल्या हातात नसते. शिवाय बोगद्यात शिरलेला फोन निरोप न घेता गायब होतो. तासभराच्या मर्यादेत अशी मेलेली कनेक्शने सर्व्हर जिवंत समजून सांभाळत बसतो. मग टीसीपीचे स्वतःचे कीप-अलाइव्ह पुरेसे नाही का? लिनक्समध्ये ते मुळात दोन तासांनी जागे होते, आणि लवकर जागे केले तरी फक्त प्रॉक्सीपर्यंतच पोहोचते, कारण प्रॉक्सीच्या दोन बाजूंना दोन वेगळी टीसीपी कनेक्शने असतात. वेबसॉकेटच्या 2011 सालच्या मानकात यासाठीच पिंग आणि पाँग या चौकटी दिल्या आहेत. त्या प्रॉक्सीतून आरपार जातात, म्हणून घड्याळ शून्यावर येते आणि पलीकडचा जिवंत आहे की नाही हेही कळते.

पिंगचा हा ठोका सर्व्हरनेच द्यावा. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला पिंग पाठवण्याची सोयच नाही. तिथून एखादा साधा संदेश टायमरवर पाठवावा लागतो. गुगल क्रोममध्ये मात्र पान पाच मिनिटांहून अधिक काळ मागे दडलेले राहिले, की असे टायमर मिनिटातून एकदाच चालू शकतात. तीस सेकंदांचा ठोका साठावर जातो आणि जुना आजार परत येतो, तोही फक्त दुसरा टॅब उघडून बसलेल्या वाचकाला. म्हणून तो तपासणीत सापडत नाही. सर्व्हरच्या पिंगला पाँग देण्याचे काम मात्र ब्राउझर स्वतःच करतो, पानातल्या टायमरवर ते अवलंबून नसते. दर पंचवीस सेकंदांनी पिंग दिला, तर एखादा उशिरा पोहोचला तरी साठच्या आत दुसरा येतो. पुढच्या पिंगपर्यंत पाँग आला नाही, तर सर्व्हरने कनेक्शन स्वतःहून सोडून द्यावे.

यातून भार वाढेल, हा आक्षेप हिशेबात टिकत नाही. दहा हजार वाचकांना पंचवीस सेकंदांनी एक, म्हणजे सेकंदाला चारशे पिंग. रिकामी पिंग चौकट दोन बाइटची, पाँग सहा बाइटचा, वर टीसीपी-आयपीची नेहमीची वेष्टने. बॅटरीचा आक्षेप खरा आहे. प्रत्येक ठोक्याला फोनचा रेडिओ जागा होतो, म्हणून ॲप मागे गेले की कनेक्शन बंद करणेच योग्य. आणि प्रॉक्सी किंवा सर्व्हर नव्याने सुरू करताना कनेक्शन तुटणारच. तिथे ठोका काही करू शकत नाही. अशा वेळी परत जोडताना पानाने आपल्याकडची शेवटची फेरी कोणती ते सांगावे आणि सर्व्हरने त्यापुढचेच आकडे द्यावेत.