अर्जाची फी: कोणाला माफ, कोणाला परत

बीड जिल्ह्यातल्या एखाद्या वंजारी कुटुंबातले बहीण-भाऊ घ्या. दोघे पदवीधर, दोघांकडे एनटी-डीचा जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर. २०२३ च्या तलाठी भरतीत खुल्या प्रवर्गाला १००० रुपये फी होती आणि राखीव प्रवर्गाला ९००. म्हणजे दोघांनीही नऊशेच भरायचे. मुलगी म्हणून बहिणीला वेगळी सवलत नव्हती.

आता हीच दोघं स्टाफ सिलेक्शन कमिशनचा अर्ज भरायला बसतात. तिथली फी १०० रुपये. महिला, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, दिव्यांग आणि नियमांत बसणारे माजी सैनिक यांना ती पूर्ण माफ. बहिणीला एक पैसाही भरावा लागत नाही, भावाला मात्र शंभर भरावे लागतात. कारण एनटी-डी हा प्रवर्ग आपल्या राज्याचा. केंद्राच्या यादीत वंजारी ओबीसीत येतात आणि ओबीसींना इथे फीमाफी नाही. ईडब्ल्यूएसवाल्यांनाही नाही. आरक्षण आहे म्हणजे फीमाफीही असणारच, असं धरून चालणाऱ्यांचा घोळ नेमका इथे होतो. जागेवरचं आरक्षण आणि फीची सवलत यांच्या याद्या वेगवेगळ्या असतात. त्यामुळे जाहिरातीतला फीचा परिच्छेद स्वतंत्रपणे वाचावा लागतो.

रेल्वेची तऱ्हा तिसरीच. रेल्वे भरती मंडळाच्या २०२४ च्या एनटीपीसी जाहिरातीत भावाला ५०० रुपये भरायचे होते. पहिली संगणकीय परीक्षा दिली की त्यातले ४०० परत. महिला, एससी, एसटी, दिव्यांग, माजी सैनिक, तृतीयपंथी, अल्पसंख्याक आणि आर्थिकदृष्ट्या मागास यांना २५० भरायचे आणि परीक्षा दिल्यावर ते सगळे परत, बँकेचा आकार तेवढा वजा करून. यातले ‘आर्थिकदृष्ट्या मागास’ म्हणजे ईडब्ल्यूएस नव्हेत. इथे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न पन्नास हजारांच्या आत लागतं. ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र हातात आहे म्हणून अडीचशेचा पर्याय निवडणाऱ्याचा अर्ज पुढे अडकू शकतो. माफी चुकून घेतलेली असो की मुद्दाम, कागदपत्रांच्या पडताळणीत ती उघडी पडते, आणि तोवर परीक्षा देऊन झालेली असते.

परताव्याला आणखी एक अट चिकटलेली आहे. परीक्षेला बसलंच पाहिजे. अर्ज भरून घरी राहिलेल्याला काही मिळत नाही. आणि पैसे जातात ते अर्जात लिहिलेल्या बँक खात्यात. खाते क्रमांक किंवा आयएफएससी कोड चुकला, किंवा घाईत नेट कॅफेवाल्याने स्वतःचंच खातं टाकलं, तर परतावा अडकला किंवा भलतीकडे गेला म्हणून समजा. कॅफेत फॉर्म भरून घेणं वाईट नाही. खेड्यात दुसरा मार्गही नसतो. पण खातं, मोबाइल नंबर आणि ईमेल आपलाच हवा आणि ‘सबमिट’च्या आधी तो आपण वाचलेला हवा.

फी भरताना सगळ्यात जास्त घाबरवतो तो एकच प्रसंग: खात्यातून पैसे कापले गेले आणि पडद्यावर ‘Pending’ किंवा ‘Failed’ आलं. लगेच दुसऱ्यांदा भरू नका. थोडा वेळ जाऊ द्या, पुन्हा लॉगिन करा आणि अर्जापुढे फीची स्थिती काय दिसते ते बघा. बँकेचा मेसेज म्हणजे पावती नव्हे. तो पैसे आपल्याकडून गेल्याचं सांगतो, आयोगाला पोचल्याचं नाही. स्टाफ सिलेक्शनच्या अर्जाची फी पोचली नाही तर छापील प्रतीच्या वरच ‘Incomplete’ असं येतं. हा शब्द कित्येकजण बघतच नाहीत, कारण प्रिंट काढून ती थेट फाइलीत जाते. दुकानदाराला किंवा संस्थेला यूपीआयने भरताना फसलेला व्यवहार पाच दिवसांत आपोआप उलटावा, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाईही आहे. पण मुदतीचा शेवटचा दिवस असेल आणि फी जमा दिसत नसेल, तर पाच दिवस थांबायला वेळ कुठला? तेव्हा पुन्हा भरलेली बरी.

हे झालं की जपून ठेवायचं काय? फी जमा दाखवणारी अर्जाची छापील प्रत, ई-पावती आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक. फी कॅफेवाल्याच्या फोनवरून भरली असेल तर हा क्रमांक त्याच्याच फोनमध्ये राहतो आणि महिन्याभराने तो शोधता येत नाही. तिथल्या तिथे लिहून घ्यावा. त्या दिवसाचं बँक पासबुकातलं पान पुढे तक्रारीला लागतं.

याशिवाय लोक हमखास विसरतात ती मूळ जाहिरातीची पीडीएफ. भरती दोन-दोन वर्षं रेंगाळते आणि तोवर ती संकेतस्थळावर शोधणं जिकिरीचं होतं. पण माफी कोणत्या अटीवर घेतली होती आणि दाखला कोणत्या तारखेपर्यंतचा चालणार होता, हे तिच्यातच लिहिलेलं असतं. रेल्वेसाठी प्रवेशपत्रही ठेवावं, निदान परतावा खात्यात दिसेपर्यंत.